बाबा चढले नाहीत ते झाड

आमच्या बाबांना झाडाखाली कुणी बडबड केलेली चालत नाही. झाडावर चढण्याआधी ते खोडाभोवती दोन फेऱ्या मारतात, लाकडी हातोडीने ठिकठिकाणी ठोकतात आणि कान लावून ऐकतात. तेवढ्या वेळात कुणी "किती वेळ लागेल हो?" असं विचारलं, की संपलंच. बाबा हातोडी पिशवीत टाकतात, पाणी पितात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात. गिऱ्हाइकाची चूक आणि अर्धा तास माझा वाया.

झाडं छाटणं हा आमचा धंदा. बाबा वर आणि मी खाली. खालच्या माणसाने दोर धरायचा, तोडलेली फांदी दोरावरून हळूहळू उतरवायची, आणि वरच्या माणसाचा जीव आपल्या हातात आहे हे एक क्षणही विसरायचं नाही. नऊ वर्षं मी खाली आहे. पट्टा बांधून चढायला मी बाबांकडूनच शिकले, पण ते आमच्या अंगणातल्या झाडावर. कामाच्या झाडावर त्यांनी मला कधी पाय ठेवू दिला नाही. मी एकतीस वर्षांची, वजनाने त्यांच्यापेक्षा हलकी, गुडघे धडधाकट. ते एकसष्ट वर्षांचे, आणि त्यांचे गुडघे जिना चढताना कुरकुरतात ते शेजारच्या खोलीत ऐकू येतं. तरी वर तेच. विचारलं की एकच उत्तर: "बघू."

या 'बघू'चा मला इतका राग यायचा, की काही दिवस मी त्यांच्याशी फक्त दोराने बोलायचे. एक झटका म्हणजे 'थांबा', दोन म्हणजे 'सोडते'.

त्या सकाळी आम्ही डबे भरत होतो. तेवढ्यात पलीकडच्या रस्त्यावरच्या तीन मजली इमारतीतल्या नर्सबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. सदतीस वर्षं रुग्णालयात काढून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या बाई. चेहऱ्यावरची माशी हलू न देणाऱ्या. त्या दिवशी मात्र त्यांच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

"दादा, भुरी झाडावर अडकलीये. कुत्रं मागे लागलं आणि ती शेंड्यालाच गेली. तुम्ही चला."

भुरी म्हणजे त्यांची राखाडी मांजर. बाबांनी डबा तसाच ठेवला.

"कुठल्या झाडावर?"

"आमच्या आवारातल्या शिरीषावर. तुम्ही मागच्या आठवड्यात छाटलंत ना, तेच."

बाबांचा हात पिशवीवर थबकला. मी पाहिलं, पण तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

आम्ही पोचलो तेव्हा झाडाखाली नुसती जत्रा भरली होती. कुणी शिट्टी मारत होतं, कुणी ताट वाजवत होतं, एकाने तर खडा उचललेला. सोसायटीचे सेक्रेटरी बागेची पाण्याची नळी ओढत येत होते. गोरेगोमटे, गोल, आणि जगातल्या प्रत्येक विषयावर मत असलेले गृहस्थ.

"जोरात फवारा मारला की झक मारत उतरेल," ते म्हणाले.

"उतरेल कशी? पडेल," बाबा म्हणाले आणि त्यांनी नळ बंद केला. "ओली साल, भेदरलेलं जनावर. चाळीस फुटांवरून पडलं तर तुम्ही झेलणार आहात का?"

सेक्रेटरी झेलणार नव्हते.

भुरी खरंच शेंड्याला होती. शिरीषाचं खोड वर जाऊन जिथे दुभंगतं, तिथली डावी फांदी अंगणावर कललेली. त्या फांदीवर, थेट टोकाच्या जवळ, एक राखाडी गोळा चिकटून बसलेला. म्याव नाही, काही नाही.

बाबांनी सगळ्यांना घरी पाठवलं. पाठवलं म्हणजे काय, अक्षरशः हाकललं. फाटक लावून घेतलं, कुत्र्याला बाहेर काढलं. मग नर्सबाईंना म्हणाले, "ताई, मांजराची नखं आत वळलेली असतात. वर चढायला ती आकड्यासारखी रुततात. डोकं खाली करून उतरायला गेलं की निसटतात. तिला पाठमोरं, शेपटीकडून सरकत यावं लागतं. ते तिला सुचायला शांतता लागते. भूक लागली, आजूबाजूला कुणी नाही असं वाटलं, की पुष्कळशी मांजरं आपली आपण उतरतात. आपण तिला वेळ देऊ या."

"किती वेळ?"

"उद्या सकाळपर्यंत. त्याच्या आत ती जखमी आहे असं दिसलं, किंवा जोराचा पाऊस, वारा आला, तर तेवढाही नाही."

नर्सबाईंनी मान हलवली. वाट बघायची सवय त्यांना माझ्यापेक्षा जास्त होती.

मग बाबांनी आमची लांब शिडी मागवली, पंचवीस फुटी. पायऱ्यांवर गोणपाट गुंडाळून घट्ट बांधलं, म्हणजे नखं रुततील. शिडी तिरकी लावून वरून खोडाला बांधली, जिथून फांद्या सुरू होतात तिथपर्यंत. बुंध्याशी नर्सबाईंची वापरलेली चादर अंथरली आणि बशीत मासळी ठेवली, गरम करून, वास वरपर्यंत जावा म्हणून.

"हाक मारू का?"

"मारा. पण खिडकीतून, रोज जेवायला बोलावता तशीच. आणि अधूनमधून. सारखी हाक मारलीत तर तिलाही कळेल की काहीतरी बिघडलंय."

दिवसभर आम्ही समोरच्या जिन्यात बसून होतो. बाबा एकदाही "कंटाळा आला" म्हणाले नाहीत. ते झाडाकडे बघत होते, पण मांजराकडे नाही. खोडाच्या खालच्या भागाकडे बघत होते, जिथे आम्ही मागच्या आठवड्यात फांद्या तोडल्या होत्या. पांढरट गोल चकत्या, एकीखाली एक, पाच.

संध्याकाळी भुरी हलली. फांदीवरून सरकत बेचक्यापर्यंत आली, खाली वाकली, एक पंजा खोडावर टेकवला, झटक्यात वर घेतला आणि परत मागे गेली. खिडकीतून नर्सबाईंची हाक येत होती, रोजच्याच आवाजात. तसा आवाज ठेवायला बाईंना किती कष्ट पडत असतील या विचाराने मला ती हाक ऐकवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो तर भुरी तिथेच. आता ती ओरडत होती, पण आवाज बसलेला, फाटका. ऊन आठ वाजताच चटके देत होतं. नर्सबाई गच्चीवरून दुर्बिणीने बघून खाली आल्या.

"उजवा पुढचा पंजा उचलून धरलाय तिने. त्याला रक्त आहे," त्या म्हणाल्या. वॉर्डमध्ये डॉक्टरांना सांगावं तसं, एकेक शब्द नीट.

"म्हणजे कालच तिला पकड धरता येत नव्हती," बाबा म्हणाले. "पाण्याशिवाय चोवीस तास झाले, वर हे ऊन. आता थांबायचं नाही."

मी पट्टा काढला. कमरेला बांधायलाच लागले. माझ्या मनात सगळं तयार होतं: वजन बांधलेली बारीक दोरी बेचक्यातून पलीकडे टाकायची, तिच्या मागून मोठा दोर ओढायचा, वर जायचं, पिशवीत मांजर, खाली. वीस मिनिटं.

"काय करतेयस?"

"चढते. मी हलकी आहे. तुम्ही दोर धरा."

"सोड तो पट्टा."

"बाबा, दरवेळी काय हो? ती मरेल तिथे!"

"मीही चढत नाहीये," बाबा म्हणाले. "आज कुणीच चढायचं नाही."

तोवर लोक पुन्हा जमले होते. सेक्रेटरींना हे ऐकून स्फुरण चढलं.

"अहो, उभा जन्म झाडावर गेला तुमचा, आणि एका मांजराला घाबरलात? वय झालं म्हणा की सरळ!"

लोक हसले. खरं सांगते, मलाही त्या क्षणी बाबांची लाज वाटली. मला वाटलं, यांना स्वतःला जमत नाही म्हणून हे मलाही चढू देत नाहीयेत. घरचं भांडण चारचौघांत करू नये म्हणतात. मी केलं. "तुम्हाला जमत नसेल तर जमत नाही म्हणा ना!" असं मी मोठ्याने म्हणाले.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. मग ते नर्सबाईंकडे वळले.

"ताई, एक सांगायचंय. कालच सांगायला हवं होतं. भुरी रोज तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून या झाडावर यायची ना? आणि खालच्या फांद्यांवरून आवाराच्या भिंतीवर?"

"हो. लहान होती तेव्हापासून."

"त्या फांद्या मी कापल्या. उंदीर घरात शिरतात म्हणून सेक्रेटरींनी सांगितलं, आणि मी कापल्या. सालीवर तिच्या नखांचे ओरखडे होते. मी ते पाहिले होते. मांजराची वाट आहे हे मला कळत होतं, तरी काम उरकायचं म्हणून कापल्या. आज ती अडकलीये ती माझ्यामुळे."

कुणी हसलं नाही. नर्सबाईंनी काही "असू दे" वगैरे म्हटलं नाही.

"मग आता खाली कशी आणणार?" त्यांनी विचारलं.

"मी नाही आणू शकत. ती बसलीये ती फांदी बेचक्यापासून पोखरलेली आहे. मागच्या आठवड्यात वर गेलो तेव्हा ठोकून पाहिली, पोकळ वाजते, मागच्या बाजूला बुरशीचे थर आहेत. ही फांदी काढा असं मी तेव्हाच सांगितलं होतं." ही गोष्ट ते सेक्रेटरींकडे न बघता म्हणाले, म्हणून ती त्यांना जास्त लागली. "दोर अडकवायला तिच्याशिवाय दुसरी उंच जागा नाही, उजवी फांदी माणसाचं वजन पेलणार नाही इतकी बारीक आहे. खोडाला बांधून तीस फुटांपर्यंत जाता येईल, पण खालून कुणी आलं की ती आणखी टोकाला जाणार. झाडाला हात न लावता वर पोचेल अशी गाडी हवी. मी अग्निशमन दलाला फोन करतो."

उभ्या आयुष्यात बाबांनी मदतीसाठी कुणाला फोन केलेला नव्हता. लोक त्यांना करायचे. मोबाइल कानाला लावला तेव्हा त्यांचा आवाज आधी जरा चाचरला, मग सरळ झाला. पत्ता सांगितला. मांजर किती उंचीवर, किती तासांपासून, पंजाला जखम. फांदी धोक्याची, माणूस चढवू नये. विजेच्या तारा रस्त्याच्या बाजूला, झाडापासून लांब, तरी येऊन खात्री करा. फाटक किती रुंद तेही सांगितलं. ते त्यांनी फोन करण्याआधीच पावलांनी मोजलं होतं. म्हणजे मी पट्टा बांधत होते तेव्हा हे फाटक मोजत होते.

पलीकडून उत्तर आलं, आगीची वर्दी नसेल तर तासाभरात येतो.

"या तासात काय करायचं?" नर्सबाई म्हणाल्या.

"तिच्या वासाची उशीची खोळ आणा, जाड कापडाची. मासळीचा नवा तुकडा. जनावरांच्या डॉक्टरांना फोन करून ठेवा. आणि सेक्रेटरी, अंगणातल्या गाड्या हलवा. त्या गाडीला चारी बाजूंना पाय पसरायला जागा लागते."

अंगणात चार गाड्या होत्या. तीन पाच मिनिटांत गेल्या. चौथी सेक्रेटरींची होती आणि तिची किल्ली सापडत नव्हती. शेवटी नर्सबाई स्वतः त्यांच्या घरात गेल्या आणि दोन मिनिटांत किल्ली घेऊन आल्या. ती कुठे होती, हे त्यांनी सांगितलं नाही आणि सेक्रेटरींनी विचारलं नाही.

शिडीची गाडी आली. तिच्या टोकाला माणूस उभा राहील असा लोखंडी पाळणा. दलाच्या प्रमुखांनी आधी तारा पाहिल्या, मग अंगण रिकामं करून दोरी लावली, मग बाबांना विचारलं, "झाड तुम्हाला माहितीये?"

"माहितीये. पाळणा झाडापासून लांब ठेवून वर न्या, आणि मग बाजूने हळू आत घ्या. तिच्या डोक्यावरून जाऊ नका, ती टोकाला पळेल. फांदीला टेकू नका. वर गेल्यावर तिच्या डोळ्यांत बघू नका, दुसरीकडे बघत उभे राहा. ती येईल."

प्रमुख हसले नाहीत. त्यांनी सगळं जसंच्या तसं वर जाणाऱ्या जवानाला सांगितलं. तो जवान जाडजूड, मिशाळ, कोपरापर्यंत चामड्याचे हातमोजे घातलेला. खाली चौघांनी ताडपत्री ताणून धरली. चौथा कोपरा माझ्या हातात होता.

पाळणा वर गेला. भुरी दोन पावलं टोकाकडे सरकली. फांदी वाकली. नर्सबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या बोटांत इतकी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं. जवान थांबला. मासळीचा तुकडा त्याने कठड्यावर ठेवला, खोळ उघडी करून हातात धरली आणि तोंड फिरवून रस्त्याकडे बघत राहिला. चाळीस फुटांवर उभा असलेला तो माणूस बसची वाट बघत असल्यासारखा दिसत होता.

पाच मिनिटं गेली. दहा. ताडपत्री धरून माझे हात भरून आले, पण मी ती सोडली नसती.

"भुरीऽ, चल जेवायला," नर्सबाई म्हणाल्या. मोठ्याने नाही. रोजच्यासारखं.

भुरीने मान वळवली. मग तीन पायांवर, एकेक वीत, ती पाळण्याकडे येऊ लागली. कठड्यापाशी येऊन तिने तुकडा हुंगला. जवानाचा एक हात तिच्या मानेमागची कातडी धरून, दुसरा तिच्या मागच्या पायांखाली, आणि पुढच्या क्षणाला खोळीचं तोंड बंद. आतून जे ओरडणं ऐकू आलं, त्यावरून अंगात जीव भरपूर आहे एवढं कळलं.

खाली आल्यावर नर्सबाईंनी खोळ उघडली नाही. छातीशी धरली, तशीच आत नेली, खोलीच्या दारंखिडक्या लावल्या आणि मगच सोडली. दुपारी डॉक्टरांनी पाहिलं: एक नख मुळापासून उपटलेलं, पंजा सुजलेला, बाकी ठणठणीत.

"ही फांदी आम्ही उतरवूनच जातो," प्रमुख बाबांना म्हणाले. "अंगणात माणसं वावरतात."

तोच जवान करवत घेऊन पुन्हा वर गेला. त्याने वरच्या बाजूने पातं टेकवलं आणि ओढलं. चार-पाच हात पुरे झाले. फांदी कडकन, एकदम, बेचक्यापासून सुटली आणि अंगणात अशी आपटली की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. गुलालासारखी लालसर भुकटी उडाली आणि बराच वेळ हवेत राहिली.

दोरी काढल्यावर बाबा मला म्हणाले, "इकडे ये."

आम्ही फांदीच्या तुटक्या टोकाशी गेलो. बाहेरून ती माझ्या मांडीइतकी जाड होती, वर चांगली हिरवी पानं.

"घाल हात आत."

मी घातला. कोपरापर्यंत गेला. आत काही नव्हतंच, लालसर भुसा आणि मुंग्या. लाकूड म्हणायला एक बोटभर साल. या बेचक्यात मी दोर टाकणार होते. पंचावन्न किलो वजन, कमरेला पट्टा, खाली फरशी. आणि दोर बाबांच्या हातात असता.

मला रडू आलं. मी त्यांना चारचौघांत काय म्हणाले होते ते मला शब्दन्‌शब्द आठवलं. "बाबा, मी मघाशी..." एवढंच मी म्हणाले.

"बोललीस ते बरोबर होतं. मला जमत नव्हतं," बाबा म्हणाले. "गुडघा परवापासून धरलाय. तुला सांगितलं नव्हतं."

ते दोर गुंडाळत होते, कोपर ते पंजा, कोपर ते पंजा, नेहमीसारखा.

"नर्सबाईंच्या खिडकीपासून भिंतीपर्यंत फळी बसवायचीये, गोणपाट लावून. ती मी करतो, ते माझं काम आहे," ते म्हणाले. "आणि सोमवारी शाळेमागचं झाड आहे. मी ते ठोकून पाहिलंय, तूही ठोकून बघ. चांगलं वाजलं तर तू चढ. मी खाली उभा राहतो."